पहिलाच स्वर चमकतो, पुढचे मंद पडतात: हुकसाठी सिंथ लीड

रामबागचा सूर (इंदूर)

नमस्कार मंडळी. मावसबहिणीसाठी एक मराठी पॉप गाणं करतोय. ध्रुवपद संपलं की आठ मात्रांचा एक हुक येतो, शब्द नाहीत, फक्त सिंथ. लय 110 बीपीएम, बहुतेक स्वर आठव्या भागाचे. चाल A4, C5, D5, E5 अशी चढते, एकदम A5 ला टेकते आणि G5, E5 करत उतरते.

व्हायटल हा सॉफ्टवेअर सिंथ वापरतोय. दोन सॉटूथ ऑसिलेटर, एक 5 सेंट वर, एक 5 सेंट खाली. 24 डीबीचा लो-पास, कटऑफ 900 हर्ट्झ. दुसरं एन्व्हलप कटऑफला 36 सेमीटोन जोडलंय: अटॅक शून्य, डिके 180 मिलिसेकंद, सस्टेन 30 टक्के. मोनो, लेगाटो चालू, थोडा ग्लाइड.

अडचण अशी की पहिला स्वर अगदी मनात होता तसा येतो. फटकन उघडतो आणि मिटतो. पण दुसऱ्या स्वरापासून सगळं घोंगडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. A5 तर सर्वात मंद, आणि हुकचा जीव तिथेच आहे. तीन रात्री यात गेल्या. कुणी सांगेल का काय चुकतंय?

गरबा कीबोर्ड (वडोदरा)

भाऊ, माझंही हेच दुखणं आहे. नवरात्रात मैदानावर लीड वाजवतो तेव्हा ढोल सुरू झाला की माझा कीबोर्ड कुणाला ऐकूच येत नाही. मी सरळ लीडचा आवाज वाढवतो आणि एक सप्तक वर वाजवतो, काम होतं. तुम्हीही वर नेऊन पाहा. कुठला प्रिसेट आहे तो, पाठवाल का?

फेडर काका (इंदूर)

लीड मंद वाटतोय तर ईक्यू लावा. 5 किलोहर्ट्झच्या वरचा सगळा भाग 5-6 डीबी उचला. दुसरं म्हणजे वेलॉसिटी बघा. कीबोर्डवर वाजवून रेकॉर्ड केलं असेल तर पहिल्या स्वराला बोट जोरात पडतं, पुढचे हलके पडतात. वेलॉसिटी फिल्टरला जोडलेली असेल तर नेमकं तुम्ही म्हणताय तसंच होतं.

रामबागचा सूर

काका, दोन्ही केलं. सगळ्या स्वरांची वेलॉसिटी 100 केली, काहीही फरक नाही. ईक्यूने पहिला स्वर कानात टोचायला लागला आणि बाकीचे होते तिथेच राहिले.

वडोदऱ्याचे भाऊ, मला आवाज मोठा नकोय. प्रत्येक स्वर पहिल्यासारखा उघडायला हवाय.

जुनी वायर (इंदूर)

ईक्यूने का झालं नाही ते आधी बघू, म्हणजे शोध कुठे घ्यायचा ते कळेल. ईक्यू सगळ्या स्वरांना सारखंच उचलतं. पहिल्या आणि दुसऱ्या स्वरात जो फरक होता तो उचलल्यावरही तेवढाच राहतो. शिवाय मंद स्वरांमध्ये 5 किलोहर्ट्झच्या वर उचलण्यासारखं काही उरलेलंच नाही, फिल्टरने ते आधीच कापलंय. काकांचा वेलॉसिटीचा अंदाज मात्र चांगला होता, लक्षणं तशीच दिसतात.

आता तीन गोष्टी करून सांगा.

चाल बाजूला ठेवा. A4 हा एकच स्वर आठ वेळा लिहा, प्रत्येकाच्या मध्ये स्पष्ट फट ठेवून. सगळे सारखे उघडतात का?

मग तेच आठ स्वर असे ताणा की प्रत्येकाचं शेपूट पुढच्याच्या डोक्यावर थोडं चढेल. एकाच स्वरावर ते लिहिता येत नसेल तर A4 आणि B4 आलटून पालटून लिहा. आता काय होतं?

आणि हे चालू असताना दुसऱ्या एन्व्हलपच्या चित्रात तो सरकणारा ठिपका बघत राहा. तो कुठून निघतो आणि कुठे बसतो, एवढंच सांगा.

रामबागचा सूर

केलं! फट ठेवली तर आठही स्वर झकास. चढवले तर पहिला चमकतो, बाकी सात मंद.

आणि ठिपका: फट असताना प्रत्येक स्वराला डावीकडून निघतो, शिखरावर जातो, उतरतो. चढवल्यावर पहिल्या स्वराला एकदा उतरून सस्टेनच्या रेषेवर बसला तो तिथेच बसून राहिला. पुढच्या सातांना हललाच नाही.

मग माझी खरी चाल मोठी करून पाहिली. मी ती कीबोर्डवर वाजवून घेतली होती. जवळपास प्रत्येक स्वर पुढच्यावर थोडा चढलेला आहे. नजरेला सहज दिसत नाही, झूम केलं तेव्हा दिसलं.

जुनी वायर

सापडलं. मोनो आणि लेगाटो चालू असताना एक पट्टी दाबलेली असेल आणि दुसरी दाबली, तर सिंथ त्याला नवा स्वर मानत नाही. तोच स्वर पुढे सरकला असं मानतो. म्हणून एन्व्हलप पुन्हा सुरू होत नाही. यात बिघाड काही नाही. 1970 च्या मिनीमूगमध्येही असंच होतं: सगळी बोटं उचलल्याशिवाय एन्व्हलप परत निघत नसे, आणि वाजवणारे त्याचाच उपयोग करून घेत.

तुमच्या आकड्यांत बसवून पाहू. कटऑफ 900, त्यावर 36 सेमीटोन म्हणजे तीन सप्तकं. 900 चे 1800, 3600, 7200. पहिल्या स्वराच्या सुरुवातीला फिल्टर 7200 पर्यंत उघडतो, म्हणून तो फटका. 30 टक्के सस्टेन म्हणजे 36 पैकी साधारण 11 सेमीटोन, म्हणजे 1700 हर्ट्झच्या आसपास. पुढचे सगळे स्वर या 1700 वर वाजतायत. तुम्ही ज्या आवाजाला घोंगडी म्हणताय तो हा.

उपाय दोन आहेत. लेगाटो बंद करा, मग चढलेले स्वरही दरवेळी नव्याने उघडतील. किंवा लेगाटो ठेवा आणि स्वरांची शेपटं छाटा. मी दुसरा निवडला असता, कारण त्यात जोडायचं कुठे आणि तोडायचं कुठे हे तुमच्या हातात राहतं. A5 वरून G5 ला उतरताना तेवढी एक जोड ठेवा. तिथे ग्लाइडही होईल आणि G5 मुद्दाम मऊ येईल. बाकी सगळे तोडा.

लेगाटो बंद केल्यावर जोडांवर बारीक टिक ऐकू आली तर आवाजाच्या एन्व्हलपचा अटॅक 3 ते 5 मिलिसेकंद करा.

लष्करची पेटी (ग्वाल्हेर)

मी हार्मोनियम वाजवते आणि शिकवते, सिंथ घरात मुलाचा आहे. हे वाचून एक गोष्ट लक्षात आली. आम्ही पहिल्या दिवसापासून शिकवतो की पुढची पट्टी दाबल्याशिवाय मागची सोडू नका, नाहीतर सूर तुटतो. पेटीवर हात तयार झालेला माणूस सिंथवर बसला की त्याचे स्वर असे चढणारच. तुम्ही पेटी शिकलात का?

रामबागचा सूर

सात वर्षं, ताई! आजोबांची पेटी अजून घरात आहे. तुम्ही नेमकं ओळखलंत.

शेपटं छाटली, फक्त A5 ते G5 जोड ठेवली. हुकला एकदम जीव आला. ती एक मींड इतकी सुंदर वाटतेय की बहिणीने तीनदा लावायला सांगितलं.

पण A5 अजून मंद आहे. आता तोही नव्याने उघडतो, ठिपका शिखरावर जातो, तरी खालच्या A4 एवढा तेजस्वी नाही. आणि हुकमधला सर्वात उंच स्वर सर्वात झाकलेला असून कसं चालेल?

फेडर काका

मग फिल्टर हवाच कशाला? कटऑफ पूर्ण उघडा. सॉटूथ मुळातच तेजस्वी असतो.

जुनी वायर

काका, पूर्ण उघडला तर एन्व्हलपला करायला काही उरत नाही. कटऑफ आधीच वर, आणखी कुठे जाणार? उघडणं आणि मिटणं यातल्या फरकाचा तो फटका असतो. सतत उघडा सॉटूथ पहिल्या सेकंदाला छान वाटतो, आठ मात्रांत कान थकतात. शिवाय मागे तबला, टाळ्या, झांज असेल तर सगळे एकाच जागी भांडतात.

A5 चं कारण वेगळं आहे. सॉटूथमध्ये मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे आंशिक स्वर असतात. A4 म्हणजे 440, तर 880, 1320, 1760 असे पुढे. स्वर टिकलेला असतो तेव्हा तुमचा फिल्टर 1700 वर असतो. त्याखाली A4 चे तीन बसतात आणि चौथा काठावर. आता A5 घ्या: 880 आत, 1760 काठावर, बाकी सगळं बाहेर. म्हणजे वरचा A जवळजवळ बासरीसारखा साधा होऊन जातो. स्वर वर गेला, पण फिल्टर जागचा हलला नाही.

फिल्टरला स्वराबरोबर वर सरकवायचं बटण म्हणजे की-ट्रॅक. 100 टक्के केलं तर एक सप्तक वर गेलात की कटऑफही दुप्पट होतो, आणि दोन्ही A मध्ये आंशिक स्वरांची संख्या सारखी राहते. व्हायटलमध्ये ते फिल्टरवरच आहे. फक्त एक सांभाळा: ते वाढवलं की तुमच्या चालीतले सगळेच स्वर जास्त उघडतील, कारण सगळी चाल कीबोर्डच्या मध्याच्या वर आहे. कटऑफ परत खाली आणावा लागेल. A4 पहिल्यासारखा वाटेपर्यंत आणा आणि मग A5 ऐका.

रामबागचा सूर

100 वर ठेवून कटऑफ 900 वरून साडेपाचशेच्या आसपास आणला तेव्हा A4 जुळला. A5 उजळला, पण जरा जास्तच. बहिणीला हेडफोनवर ऐकवलं, ती म्हणाली दातात कळ जाते.

मग की-ट्रॅक 70, कटऑफ 620. आता A5 वर जाताना आवाज उघडतोय असं वाटतं आणि टोचत नाही. हे 70 योगायोगाने बसलं की त्याला काही आधार आहे?

जुनी वायर

आधार आहे. कान 2 ते 5 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वात तीक्ष्ण असतो. A5 चे तिसरा, चौथा, पाचवा आंशिक स्वर 2640, 3520, 4400 वर येतात, बरोबर त्याच पट्ट्यात. A4 चे तेच आंशिक 1320 ते 2200 मध्ये असतात. म्हणून गणिताने सारखे असले तरी कानाला वरचा A जास्त बोचतो. 60 ते 80 मध्ये बहुतेक लीड बसतात, पण तुमच्या चालीला तुमचा कान. बहिणीच्या आवाजातली स, च, त ही व्यंजनंही तिथेच वरच्या भागात असतात. हुकवर तिची एखादी हाक येत असेल तर ती ओळ लावून 70 पुन्हा तपासा.

गरबा कीबोर्ड

माझ्या हार्डवेअर सिंथच्या मेन्यूत शोधलं. लेगाटो असा शब्दच नाही, ट्रिगर आहे: सिंगल आणि मल्टी. सिंगलवर होता. मल्टी केला आणि माझा जुना ब्रास लीड पहिल्यांदा प्रत्येक स्वराला बोलला. दोन वर्षं मी फक्त आवाज वाढवत होतो. या वर्षी ढोलासमोर लावून बघतो आणि सांगतो.

रामबागचा सूर

अजून एक बारीक गोष्ट राहिलीय. आता सगळे स्वर उघडतात, पण दर वेळी थोडे वेगळे. एकदा D5 भरदार येतो, पुढच्या आवर्तनात तोच D5 पातळ. काहीही न बदलता! फाईल दोनदा बाहेर काढली तर दोन्ही वेगळ्या ऐकू येतात.

जुनी वायर

दोन ऑसिलेटरमध्ये तुमचा फरक 10 सेंट आहे. A4 वर त्याने सेकंदाला साधारण अडीच ठोके पडतात, म्हणजे एक ठोका सुमारे 400 मिलिसेकंदांचा: आवाज फुगतो, ओसरतो, परत फुगतो. 110 च्या लयीत तुमचा एक स्वर 270 मिलिसेकंदांचा. म्हणजे A4, C5, D5 यांपैकी कुठल्याच स्वराला पूर्ण ठोका मिळत नाही. कुणाच्या वाट्याला फुगलेला भाग येतो, कुणाच्या वाट्याला ओसरलेला.

आणि कुठला भाग येईल हे ऑसिलेटर कुठून सुरू होतात त्यावर ठरतं. व्हायटलमध्ये फेजचा रँडमपणा मुळात पूर्ण असतो, म्हणून दर वेळी नशीब वेगळं. दोन्ही ऑसिलेटरवर तो शून्य करा आणि फेजचा आकडा दोन्हीकडे सारखा ठेवा. मग प्रत्येक स्वर दोन्ही लाटा जुळलेल्या अवस्थेत, म्हणजे फुगलेल्या भागात सुरू होईल. हुकसाठी हेच हवं: सुरुवात भक्कम आणि दर वेळी तीच.

याला मर्यादा आहे. दोन आवाजांपर्यंत हे चांगलं. सात आवाजांचं युनिसन घेऊन सगळे जुळवून सुरू केले तर डोक्यावर एक मोठा टोला बसतो आणि मग आवाज खाली पडतो. तिथे थोडा रँडमपणा हवाच.

लष्करची पेटी

इथे माझं मत वेगळं आहे. पेटीत नर आणि मादी सूर एकत्र उघडतात, पण दोन पत्त्या कधीच अगदी सारख्या क्षणी बोलत नाहीत. भात्यातल्या हवेवर असतं सगळं. त्यामुळेच तो आवाज जिवंत वाटतो. दर स्वर छापल्यासारखा सारखा आला तर ऐकणाऱ्याला यंत्र ऐकल्यासारखं नाही का वाटणार? मी मुलाच्या सिंथवर रँडम शून्य आणि पूर्ण, दोन्ही ऐकले. मला पूर्णच आवडला.

फेडर काका

ताईंशी सहमत. रँडम 20-30 टक्के ठेवून मध्यम मार्ग काढावा.

जुनी वायर

ताई, लांब स्वरावर मी तुमच्याच बाजूचा. चार मात्रांचा स्वर असेल तर ठोके पूर्ण होतात आणि रँडमपणाने बहार येते. इथे D5 पर्यंतचे स्वर ठोक्यापेक्षा लहान आहेत, म्हणून पातळ निघालेला D5 हा जिवंतपणा वाटत नाही, सुटलेला स्वर वाटतो. पण हुक तुमच्या कानाला कसा लागतो त्यावर मी वाद घालणार नाही.

आणि एक वाट तुमच्या नर-मादीतूनच निघते. दुसरा सॉटूथ 10 सेंट बाजूला ठेवण्याऐवजी बरोबर एक सप्तक वर, 8-10 डीबी हळू लावून बघा, कुठलाही डिट्यून न करता. ठोका नाहीच, तरी भराव मिळतो.

रामबागचा सूर

रँडम शून्य केला आणि एक तासभर दोन्ही ऐकत बसलो. आठव्या भागाच्या स्वरांना शून्यच बरा. पण हुकच्या शेवटी E5 दोन मात्रा थांबतो, तिथे ताई म्हणतात ते पटलं, तो शून्यावर जरा कोरडा आहे. त्या एका स्वरासाठी वेगळा ट्रॅक करावा का, या विचारात आहे.

सप्तक वरचा सॉटूथ लावला. पेटीची आठवण आलीच, पण A5 वर तो 1760 ला जातो आणि पुन्हा टोचायला लागतो. 12 डीबी हळू केल्यावर राहिला.

नवखी कळ (इंदूर)

मी वाचत होते, एक शंका. सगळे सॉटूथच का? माझ्या लॅपटॉपवर स्क्वेअर लहरीचा लीड जास्त गोड वाटतो.

लष्करची पेटी

सनई आणि बँडवाल्यांची क्लॅरिनेट आठव. सनईत सगळे आंशिक स्वर असतात, सॉटूथसारखे. क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकात विषम आंशिकच पुढे असतात, स्क्वेअरसारखे. म्हणून ती पोकळ आणि गोड वाटते.

जुनी वायर

ताईंनी छान सांगितलं. गोडव्यासाठी स्क्वेअर घे, चूक काहीच नाही. फक्त लो-पासमागे तो लवकर रिकामा होतो: 1700 खाली A4 चे 440 आणि 1320 एवढेच उरतात. सॉटूथचे तीन. मला पल्स 25 टक्क्यांवर आवडतो, त्यात फक्त दर चौथा आंशिक गळतो, थोडं नाकात बोलल्यासारखं होतं आणि आवाजाच्या ओळीपासून वेगळा पडतो. त्याच फिल्टर आणि त्याच एन्व्हलपवर तिन्ही लावून ऐक, नाहीतर लहरीचा फरक आहे की फिल्टरचा ते कळणार नाही.

फेडर काका

फोनवर ऐकलंत का? छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोरं फोनच्या स्पीकरवरच वाजवणार.

रामबागचा सूर

ऐकलं, काका. आज सकाळी पोह्याच्या दुकानासमोर, फोन टेबलावर उलटा ठेवून. दोन्ही सॉटूथ मी डावी-उजवीकडे पूर्ण पसरवले होते. फोनवर दोन्ही एकत्र आले आणि लांब E5 वर ते फुगणं-ओसरणं फार स्पष्ट ऐकू आलं, जे हेडफोनवर जाणवत नव्हतं. आता एक मध्ये ठेवलाय आणि दुसरा फक्त बाजूला, 6 डीबी हळू. त्यामुळे ओसरला तरी आवाज पूर्ण पोकळ होत नाही.

रिलीज 250 होता, तोही 90 केला. शेपूट पुढच्या स्वराच्या फटक्यावर सांडत होतं.

25 टक्के पल्सही लावला. घरात मतं फुटलीत: बहिणीला पल्स हवाय, मला सॉटूथ. दोन्ही फाईली ठेवल्यात. रविवारी तिचा आवाज नीट रेकॉर्ड होतोय, त्याखाली लावून ठरवू. ताई, त्या शेवटच्या E5 साठी रँडम चालू असलेला वेगळा ट्रॅक केलाय. आधी जोडलेल्या G5 वरून तो तुटून येतो, कारण ट्रॅक बदलल्यावर ग्लाइड होत नाही. तिथे कसं जोडायचं, कुणाला सुचत असेल तर सांगा.